‘पंप इज रनिंग गुड’ की ‘वेल’? आणि ‘क्विक’ की ‘क्विकली’?

चाकणचा_मिस्त्री

नमस्कार मंडळी. मी पंप आणि कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसचं काम करतो. पाना हातात घेतला की अडत नाही, पण आता गिऱ्हाइकं बाहेरच्या देशातली आहेत आणि काम संपलं की रिपोर्ट इंग्रजीत लिहावा लागतो. ऑफिसातल्या मॅडम तो वाचून लाल करून परत देतात.

पहिल्या रिपोर्टात तीन ठिकाणी लाल होतं. ‘द पंप इज रनिंग गुड’, ‘द न्यू सील फिट्स गुड’ आणि ‘द मोटर हीट्स अप क्विक’. पहिल्या दोन्हींत वेल पाहिजे, तिसऱ्यात क्विकली. मी धडा घेतला की क्रियापदाच्या नंतर साधा शब्द ठेवायचा नाही, वेल घालायचं नाहीतर ‘ली’ लावायचं.

पुढच्या रिपोर्टात मी हे मन लावून केलं. ‘द कूलंट स्मेल्स बॅडली’, ‘द सरफेस लुक्स वेल’, ‘कीप द फिल्टर क्लीनली’ आणि गिऱ्हाइकाच्या माणसाचं कौतुक म्हणून ‘युवर ऑपरेटर वर्क्स हार्डली’. चारही लाल! शेवटच्यावर तर मॅडम इतक्या हसल्या की शेजारच्या टेबलावरचे दोघे उठून बघायला आले. का ते सांगायच्या आत त्यांना मीटिंगला जावं लागलं आणि आता त्या आठवडाभर रजेवर आहेत.

मला व्याकरणाची नावं नकोत. साइटवर उभा असताना लिहिलेलं वाक्य तपासायचं कसं, एवढंच सांगा.

भाऊ_मिरजकर

सोपं आहे हो. नामाबद्दल सांगायचं असेल तर गुड, क्रियापदाबद्दल सांगायचं असेल तर वेल. ‘गुड पंप’, पण ‘रन्स वेल’. स्मेल हे क्रियापदच आहे ना? मग बॅडली बरोबर. तुमच्या मॅडमचीच चूक आहे. आम्हाला शाळेत ‘ली लावा आणि मोकळे व्हा’ असंच शिकवलं होतं आणि त्यावर तीस वर्षं नोकरी केली.

मृदुला_प

भाऊ, तुमचं पहिलं वाक्य बरोबर आहे आणि दुसरं त्यालाच छेद देतंय. ‘द कूलंट स्मेल्स बॅड’ या वाक्यात वाईट काय आहे? कूलंट. वास येण्याची क्रिया वाईट रीतीने चाललेली नाही. शब्द क्रियापदाच्या नंतर बसलाय म्हणून तो क्रियापदाबद्दल बोलतोय असं नसतं. मिस्त्रीदादांची सगळी गफलत इथेच झालीय. त्यांनी जागा पाहिली, शब्द कोणाबद्दल आहे ते पाहिलं नाही.

मी इंग्रजी-मराठी भाषांतराचं काम करते आणि आपल्या लोकांचे मजकूर तपासते. ही चूक आपल्याकडे इतकी का होते याचं कारण मराठीतच आहे. आपण म्हणतो ‘ती चांगली गाते’, ‘तो चांगला खेळतो’, ‘पंप चांगला चालतोय’, ‘मशीन चांगलं चालतंय’. गाणं कसं आहे हे सांगतानासुद्धा ‘चांगली’ हा शब्द गाणारीचं लिंग घेऊन येतो. त्यामुळे ‘पंप चांगला आहे’ आणि ‘पंप चांगला चालतोय’ यांतला ‘चांगला’ आपल्या कानाला एकच लागतो, आणि दोन्हीकडे हात आपोआप गुडकडे जातो.

यावर मी मराठीतूनच तपासणी करते. ‘चांगला’च्या जागी ‘नीट’ किंवा ‘चांगल्या प्रकारे’ घालून बघायचं.

पंप नीट चालतोय. जमलं, म्हणून वेल.
सील नीट बसलंय. जमलं, वेल.
पृष्ठभाग चांगल्या प्रकारे दिसतोय. हे आपण म्हणणार नाही, ‘छान दिसतोय’ म्हणू. म्हणून ‘लुक्स गुड’.
कूलंटला चांगल्या प्रकारे वास येत नाही. हे तर हास्यास्पदच. म्हणून ‘स्मेल्स बॅड’.

हे झाल्यावर उलट बाजूने खात्री करून घ्या. क्रियापद काढून तिथे ‘इज’ ठेवा. ‘द कूलंट इज बॅड’, ‘द सरफेस इज गुड’. म्हणायचं होतं ते जवळपास तसंच राहिलं, म्हणजे साधा शब्दच बरोबर. ‘द पंप इज गुड’ केलं तर मात्र अर्थ बदलतो. पंप चांगल्या कंपनीचा असेल, पण आज तो कसा चालतोय हे त्यात कुठेच येत नाही. तिथे वेल लागतं.

‘लुक्स वेल’वर लाल का, तर तसं लिहिल्यावर पृष्ठभागाची तब्येत बरी दिसतेय असं काहीतरी होतं. माणसाबद्दल, आजारातून उठल्यावर, ते चालतं.

चाकणचा_मिस्त्री

ताई, ‘नीट’ची युक्ती खिशात ठेवली. पण फिल्टर आणि ऑपरेटर राहिले.

मृदुला_प

फिल्टर: ‘कीप द फिल्टर क्लीन’. स्वच्छ कोण राहायचंय? फिल्टर. ठेवण्याची क्रिया स्वच्छ नाही. आपण ‘फिल्टर स्वच्छ ठेवा’ म्हणतो, ‘स्वच्छपणे ठेवा’ नाही. इथे शब्द कर्त्याला सोडून त्या वस्तूला चिकटलाय एवढाच फरक. ‘मेक इट क्विक’सुद्धा याच घरातलं आहे, तिथे क्विकली करायला जाऊ नका.

ऑपरेटर: हार्ड हा शब्द दोन्ही कामं करतो, ‘वर्क्स हार्ड’ हेच बरोबर. हार्डली म्हणजे ‘जेमतेम’, ‘जवळजवळ नाहीच’. तुमचं वाक्य तसं धड इंग्रजीही होत नाही, पण वाचणाऱ्याच्या डोक्यात ‘हा माणूस काम करतच नाही’ हाच अर्थ उमटणार. मॅडम हसल्या त्या यावरच. लेट आणि लेटलीचंही तेच, ‘केम लेटली’ म्हणजे उशिरा आला असं होत नाही.

रेवा_न्यूजर्सी

इथे अमेरिकेत कोण एवढं बघतं? ‘हाउ आर यू’ला सगळे ‘आय ॲम गुड’ म्हणतात. माझा मुलगा मॅच खेळून आला की ‘वी प्लेड गुड’ म्हणतो, त्याचा कोचही तसंच बोलतो. रस्त्यावर पाटी ‘ड्राइव्ह स्लो’ची. आपणच जुनं पुस्तकी इंग्रजी धरून बसलोय असं मला वाटतं.

मृदुला_प

रेवा, तू तीन वेगळ्या गोष्टी एकाच पिशवीत घातल्यास.

‘आय ॲम गुड’मध्ये क्रिया नाहीच, ‘ॲम’ आहे. व्याकरणाने त्यात काही चूक नाही. जुनी माणसं तिथे ‘वेल’ म्हणतात ते ‘तब्येत बरी आहे’ या अर्थाने. आपल्याकडे ‘चांगलं’ आणि ‘बरं’ असे दोन शब्द आहेत ना, तसंच. तापातून उठल्यावर ‘मला बरं वाटतंय’, म्हणजे ‘आय फील वेल’. पगार झाल्यावर ‘मस्त वाटतंय’, म्हणजे ‘आय फील गुड’. दोन्ही बरोबर.

‘वी प्लेड गुड’ बोलण्यात सर्रास ऐकू येतं, पण लिखाणात, निदान कामाच्या लिखाणात, ते चूकच धरतात. तुझ्या मुलाने हेच वाक्य शाळेच्या निबंधात लिहिलं तर बाई काय करतात ते बघ.

‘ड्राइव्ह स्लो’ ही तिसरी गोष्ट, आणि ती चूक नाहीच. स्लो, क्विक, लाउड, टाइट अशा काही शब्दांना ‘ली’शिवाय हे काम करण्याची जुनी मुभा आहे. खूप जुन्या इंग्रजीत विशेषणाला शेवटी ‘ए’ लावून क्रियेबद्दलचा शब्द करत असत. पुढे तो शेवटचा स्वर उच्चारातून गळाला आणि दोन्ही रूपं सारखी दिसायला लागली. अठराव्या शतकातल्या व्याकरणकारांना हे खटकलं. रॉबर्ट लोथ यांनी 1762 च्या व्याकरणात अशा वापराला अयोग्य म्हटलं आणि तेव्हापासून शाळेत ‘ली’चा आग्रह वाढत गेला. म्हणजे ‘गो स्लो’ची घाटातली पाटी लिहिणारा अडाणी नाही, त्याची रीत शाळेतल्या नियमाहून जुनी आहे.

गुडला मात्र लिखाणात ही मुभा मानत नाहीत, कारण तिथे वेल हा स्वतंत्र शब्द आधीपासून बसलेला होता.

भाऊ_मिरजकर

मग ‘हीट्स अप क्विक’ पण बरोबर झालं की! मॅडमनी उगाच लाल केलं.

मृदुला_प

बोलताना चालेल. ‘कम क्विक!’ तर सगळेच म्हणतात. पण रिपोर्टात नको. शिवाय ही ‘ली’ नसलेली रूपं क्रियापदाच्या नंतरच बसतात, आधी आणली की पडतात. ‘द मोटर क्विकली हीट्स अप’ म्हणता येतं, ‘द मोटर क्विक हीट्स अप’ कोणी म्हणणार नाही. शंका आली की शब्द क्रियापदाच्या आधी सरकवून बघा. तिथे ‘ली’ मागितलं, तर कागदावर नंतरही ‘ली’च ठेवा.

क्विकच्या चुकीचं मूळ मात्र ‘चांगला’मध्ये नाही. मराठीत ‘मोटर पटकन तापते’, ‘लवकर तापते’ यात काहीच गोंधळ नाही. ही चूक येते आपण मराठीत उचललेल्या इंग्रजी शब्दांमुळे. ‘गाडी फास्ट चालव’, ‘पंखा स्लो कर’, ‘क्विक आवर’. फास्ट खरोखरच दोन्ही कामं करतो, फास्टली असं कोणी लिहीत नाही. आपण फास्टच्या सवयीने क्विक ओढतो.

सुलभा_काकू

माझं थोडं वेगळं आहे. आमच्या सूनबाईंनी मला कुत्र्याबद्दल मेसेज पाठवला होता, ‘ब्रूनो स्मेल्स गुड’. मी सगळ्यांना सांगत सुटले की आमचा ब्रूनो वास घेण्यात फार हुशार आहे, पोलिसांत द्यायला हवा. नंतर कळलं की त्याला आंघोळ घातली होती.

मृदुला_प

काकू, याच्याइतकं चांगलं उदाहरण मला सुचलं नसतं. ‘ब्रूनो स्मेल्स गुड’ म्हणजे ब्रूनोचा वास छान येतोय. ‘ब्रूनो स्मेल्स वेल’ म्हणजे ब्रूनोला वास नीट येतो. मराठीत हे काम ‘चा’ आणि ‘ला’ करतात, इंग्रजीत तोच भार गुड-वेलवर पडतो. लुकचंही तसंच. रागावलेला दिसला तर ‘लुक्ड अँग्री’, माझ्याकडे रागाने पाहिलं तर ‘लुक्ड ॲट मी अँग्रिली’. क्रियापदाचं नाव पाठ करून भागत नाही. त्या वाक्यात ते ‘असण्या’चं काम करतंय की ‘करण्या’चं, ते बघावं लागतं.

केदार_टर्मिनल

दादा, तुमचे जुने रिपोर्ट टेक्स्ट फाइलमध्ये असतील तर एकेक वाचत बसू नका. लिनक्सवर हे चालवा, संशयित ओळी नंबरासकट येतील.

```
grep -niE '\b(run|work|fit|heat)(s|ed|ing)? (up )?(good|quick)\b' report.txt
```

चाकणचा_मिस्त्री

केदारभाऊ, चालवून बघितलं. ‘फिट्स गुड’ आलं, ‘हीट्स अप क्विक’ आलं. पण ज्यावरून हा सगळा धागा निघाला ते ‘रनिंग गुड’च आलं नाही!

केदार_टर्मिनल

अरेच्चा. रनिंगमध्ये दोन एन येतात, माझ्या शोधात एकच होता. शेपटी मोकळी सोडतो.

```
grep -niE '\b(run|work|fit|heat|cool|start|stop)\w* (up |down )?(very )?(good|quick)\b' report.txt
```

चाकणचा_मिस्त्री

आता आलं. अकरा ओळी सापडल्या. त्यातल्या दोन मला बरोबर वाटतात, ‘वुई स्टार्टेड क्विक टेस्टिंग’ आणि ‘नीड्स कूलिंग गुड इनफ फॉर समर’. आणि ‘टाइटन द बोल्ट्स गुड’ हे एका रिपोर्टात नक्की आहे, ते आलंच नाही.

मृदुला_प

त्या दोन्ही बरोबर आहेत, सोडून द्या. क्विक टेस्टिंगमध्ये क्विक पुढच्या शब्दाला चिकटलाय, तपासणी झटपट होती. दुसऱ्यात कूलिंग हे नाम आहे आणि गुड त्याच्याबद्दल आहे. म्हणून सापडलेल्या ओळीत आधी गुड-क्विक कोणाबद्दल आहे ते बघायचं. पुढे नाम असेल तर बहुतेक वेळा हात लावायचा नाही.

बोल्ट निसटले, कारण क्रियापद आणि गुड यांच्यामध्ये ‘द बोल्ट्स’ येऊन बसलेत. मराठी माणसाची ही चूक मधे कर्म असतानाच जास्त होते असा माझा अनुभव आहे, ‘क्लीन द टँक गुड’, ‘चेक द लाइन गुड’. तिथे शोध यंत्राने कमी आणि डोळ्यांनी जास्त करावा लागतो. मी सरळ ‘गुड’ एवढंच शोधते आणि प्रत्येक ठिकाणी थांबते. चार पानांच्या रिपोर्टाला पाच मिनिटं लागतात.

आणि दादा, ‘टाइटन द बोल्ट्स वेल’ केलंत तरी ते व्याकरणाने सुधारेल, कामाने नाही. वाचणाऱ्या फिटरला ‘नीट आवळा’मधून काय कळणार? टॉर्क किती ते लिहा ना.

चाकणचा_मिस्त्री

हे मात्र पटलं. त्या बोल्टना 45 न्यूटन-मीटर लागतो, तेच लिहीन. गुडही नको आणि वेलही नको.

भाऊ_मिरजकर

एक शंका राहिली. मराठीत ‘क्रियाविशेषण अव्यय’ म्हणतात. अव्यय म्हणजे न बदलणारं. मग ‘चांगला गातो, चांगली गाते’ यातला शब्द बदलतो, तर तो विशेषणच झाला ना? म्हणजे मराठी माणूस गुड लिहितो ते त्याच्या व्याकरणाला धरूनच लिहितो.

अव्ययप्रेमी

भाऊ, त्याला सविकारी क्रियाविशेषण म्हणतात. नाव जरा विचित्र आहे, पण शब्द काम क्रियेचं करतो आणि पोशाख कर्त्याचा घालतो.

भाऊ_मिरजकर

बदलणारं अव्यय! म्हणजे न हलणारा भूकंप. मला नाही पटत. ‘ती चांगली गाते’ म्हणताना आपण ‘गाणारी म्हणून ती चांगली आहे’ असंच म्हणत असतो.

मृदुला_प

भाऊ, यात तुमच्या म्हणण्याला वजन आहे, आणि मी यावर शेवटचा शब्द देणार नाही. ‘ती गोड हसते’मध्ये गोड काय, ती की हसणं? मलाही दर वेळी वेगळं वाटतं. फक्त रिपोर्ट इंग्रजीत आहे, तिथे निवड करावीच लागते.

माझ्या ‘नीट’च्या युक्तीचीही मर्यादा सांगते. ती गुड आणि वेलसाठी चालते. ‘द लिड क्लोजेस टाइट’ की ‘टाइटली’, इथे ती काही कामाची नाही. झाकण घट्ट बसतं, म्हणजे बसणंही घट्ट आणि बसल्यावर झाकणही घट्ट. दोन्ही रूपं छापलेली दिसतात. मी टाइटली करते, माझी एक सहकारी टाइट ठेवते, आमचं अजून जमलेलं नाही.

रेवा_न्यूजर्सी

मुलाचा निबंध काढून बघितला. ‘वी प्लेड रिअली गुड’ला बाईंनी खरंच गोल केलाय. पण त्याच्या पुढे तिने ‘गुड जॉब!’ लिहिलंय, हाहा.

मृदुला_प

त्या ‘गुड’च्या पुढे जॉब आहे!

चाकणचा_मिस्त्री

अकराही ओळी बघून झाल्या. नऊ बदलल्या, दोन ठेवल्या. ‘स्मेल्स बॅड’, ‘लुक्स गुड’, ‘क्लीन’ आणि ‘हार्ड’ असं दुरुस्त केलं आणि दुरुस्त रिपोर्ट काल पाठवला. आज सकाळी गिऱ्हाइकाचा मेल आला, अमेरिकेतला आहे. जसाच्या तसा सांगतो: ‘थँक्स, द पंप इज रनिंग ग्रेट.’

ताई, आता हे काय?

मृदुला_प

ते गिऱ्हाईक आहे दादा. त्याच्या मेलला लाल करायचं नसतं.